प्रतिसाद: साहित्य आढाव्यातली उणीव

"एम.एड.च्या प्रबंधासाठी ३० अभ्यासांचे सारांश लिहिले. मार्गदर्शक म्हणतात, ही यादी झाली, संशोधनाची उणीव कुठे आहे? विषय: नंदुरबारमधल्या पावरी बोलणाऱ्या मुलांचं मराठी वाचन."

सारांश फुकट गेलेले नाहीत. त्यांचा तक्ता करा. प्रत्येक अभ्यासाला एक ओळ आणि स्तंभ तीनच: मुलं कोणती, घरची भाषा कोणती, 'वाचन' म्हणून नेमकं काय मोजलं. मग तक्ता आडवा न वाचता उभा वाचा.

'असर' या शालेय शिक्षणाच्या सर्वेक्षणाचं उदाहरण घ्या. त्याच्या मूळ वाचन चाचणीत मूल अक्षरं, शब्द, पहिलीचा आणि दुसरीचा उतारा मोठ्याने वाचतं. अर्थ समजला का, हे त्यात तपासलं जात नाही. देवनागरीत अक्षरं जुळवता आली की अनोळखी शब्दही उच्चारता येतो. म्हणून घरी पावरी बोलणारं मूल उतारा घडाघडा वाचेल आणि तरी आशय त्याच्यापर्यंत पोचणार नाही, ही शक्यता खरी आहे. तुमच्या तक्त्यातला तिसरा स्तंभ बहुतेक उच्चारवाचनानेच भरलेला निघाला, तर तुमचा युक्तिवाद तिथे उभा राहतो.

"नंदुरबारमध्ये कुणी अभ्यास केला नाही" एवढ्याने भागत नाही. तिथे निष्कर्ष वेगळा का येईल, हे सांगावं लागतं. आणि "आढळलं नाही" लिहिताना शोधगंगेवर कोणते शब्द टाकून, कधी शोधलंत तेही नोंदवा.

आता प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य अधोरेखित करा. ते संशोधकाच्या नावाने आणि सालाने सुरू होत असेल तर तिथे अजून सारांशच आहे. त्या जागी तुमचं विधान आणा, नावं कंसात जाऊ द्या.