पुतळा ‘हटवणे’ आणि इतिहास ‘पुसणे’: अर्थ एकच का?

रेवती: बारावीच्या मुलांसाठी वादग्रस्त राज्यकर्त्यांच्या पुतळ्यांवर टिपण करते आहे. उदाहरण बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड. बहुतेक मुलं ‘पुतळा हटवणे म्हणजे इतिहास पुसणे’ असं बिनदिक्कत लिहितात. पाडणे, हटवणे, हलवणे, उतरवणे यांपैकी कुठला शब्द कुठे वापरावा?

सदानंद: ‘पुतळा’ हा संस्कृत ‘पुत्तल’वरून आला. पुतळी, कळसूत्री पुतळी ही त्याचीच भावंडं.

रेवती: धन्यवाद सदानंदजी, पण माझा प्रश्न क्रियापदांचा आहे.

पांथस्थ: पाडणे म्हणजे मोडतोड आली. हलवणे म्हणजे वस्तू शाबूत, जागा वेगळी. उतरवणे म्हणजे चौथऱ्यावरचा मान काढून घेणे. पुढे वस्तूचं काय झालं ते त्या शब्दात येत नाही. बेल्जियममधल्या अँटवर्प शहराच्या एकेरेन भागातल्या लिओपोल्डच्या पुतळ्याला जून 2020मध्ये आग लावली गेली. मग 9 जूनला पालिकेने तो क्रेनने उतरवला आणि मिडलहाइम संग्रहालयात नेला. इथे ‘उतरवला’ आणि ‘हलवला’ दोन्ही बरोबर, ‘पाडला’ मात्र चूक. बातमीत ‘पाडला’ छापलं की जमावाने दोर लावून ओढल्याचं चित्र उभं राहतं, आणि वाचकाचं मत तिथेच बनतं.

मकरंद: शब्द कुठलाही घ्या. त्या राजाने स्वतःच्या काळात पुतळे उभारले, ते त्या काळाचे पुरावे आहेत. पुरावा हलवला की इतिहास गेलाच.

पांथस्थ: मकरंदराव, पुतळा हा पुरावा आहे हे खरं. एकेरेनचा तर त्याच्याच हयातीतला, 1873चा. पण तो कशाचा पुरावा, हे प्रत्येक वेळी तपासावं लागतं. लिओपोल्ड 1909मध्ये वारला आणि ब्रसेल्समधला राजवाड्याजवळचा अश्वारूढ पुतळा 1926मध्ये उभा राहिला. काँगो 1885 ते 1908 त्याची खासगी मालमत्ता होती. रबरासाठी तिथे सक्तीची मजुरी चालली. गोळी वाया घालवली नाही हे दाखवायला सैनिक माणसांचे कापलेले हात आणून देत. लिओपोल्ड स्वतः तिथे कधी गेलाच नाही. यातलं काहीही त्या घोड्यावर दिसत नाही. 1926च्या बेल्जियमला आपला राजा कसा आठवायचा होता, एवढंच त्यावरून कळतं. म्हणून मुलांना ‘इतिहास’ आणि ‘स्मृती’ हे शब्द वेगळे शिकवा. पुतळा उतरवला तर स्मृतीची सार्वजनिक जागा बदलते. इतिहास दप्तरांत, साक्षींत, छायाचित्रांत राहतो.

मकरंद: 1926चं माहीत नव्हतं. तरी रस्त्यावरचा पुतळा हजारो लोक बघतात, दप्तरखान्यात कोण जातं?

रेवती: हा मुद्दा टिपणात घेते. त्याला सोपं उत्तर नाही.

इरा: मी संग्रहालयासाठी फलकांचा मजकूर लिहिते, म्हणून ‘संदर्भफलक लावा, पुतळा राहू द्या’ या तोडग्याबद्दल सांगते. फलकाला चाळीस-पन्नास शब्द मिळतात आणि तो गुडघ्याच्या उंचीवर असतो. घोड्यावरचा माणूस वर, कापलेले हात खाली बारीक अक्षरात. ‘संदर्भ देणे’ हा शब्द वापराच, पण उंचीतला हा फरक मुलांना दाखवा.

पांथस्थ: काँगोची राजधानी किन्शासा, तिथली गोष्टही घ्या. ब्रसेल्सच्या पुतळ्याची प्रतिकृती तिथे 1928मध्ये बसवली होती. स्वातंत्र्यानंतर, 1967मध्ये, मोबुटूंच्या राजवटीत ती उतरवली. 2005मध्ये काँगोच्याच सांस्कृतिक मंत्र्यांनी ती पुन्हा शहराच्या मध्यभागी उभी केली. राजाची चांगली बाजूही लोकांनी पाहावी, असं त्यांचं म्हणणं होतं. काही तासांतच ती परत काढावी लागली. आता ती एका टेकडीवर संग्रहालयाच्या आवारात आहे. पुतळा तोच, पण चौकात तो ‘सन्मान’ ठरला आणि आवारात ‘वस्तू’. जागा बदलली की अर्थ बदलतो, हे याहून स्पष्ट कुठे दिसेल?

मकरंद: मग त्याला ‘वारसा’ म्हणायचं की नाही? वारसा म्हणजे जपण्यासारखं काही, असं मी समजतो.

रेवती: वारसा म्हणजे वारसाने मिळालेलं. त्यात घर येतं तसं कर्जही येतं. मी तरी त्याला वारसाच म्हणेन. पण वारसा जपायचा म्हणजे चौकातच ठेवायचा, हे मला पटत नाही.

इरा: बेल्जियममधल्या ओस्टेंडचा पेच राहिला. तिथल्या स्मारकात राजाच्या पायाशी काँगोची माणसं कृतज्ञतेने उभी दाखवली आहेत. त्यांतल्या एकाचा हात 2004मध्ये काही कार्यकर्त्यांनी मुद्दाम कापून नेला. याला विटंबना म्हणाल की दुरुस्ती? आणि नवा हात बसवला तर तो जीर्णोद्धार होईल का?

मकरंद: विटंबनाच. सार्वजनिक मालमत्ता आहे.

पांथस्थ: कायद्याने नासधूस, हे मान्य. पण हात कापला त्या दिवसापासून ते स्मारक काँगोबद्दल पहिल्यांदा खरं बोलायला लागलं, असं मला वाटतं. मी तरी नवा हात बसवणार नाही.

इरा: वस्तू मोडली तर ती नोंद करून तशीच ठेवायची, हे संग्रहालयात चालतं. भर रस्त्यावर हा नियम कोण ठरवणार?