क्रिकेट 2025: संघवार याद्यांवरून तारीखवार तक्ता

संज्योत (सचिव)

नमस्कार मंडळी,

सहा कर्णधारांनी आपापल्या संघाचे पाच-पाच सामने पाठवले. ते मी एकाखाली एक Google शीटमध्ये चिकटवले: तारीख, संघ, प्रतिस्पर्धी, वेळ, मैदान. लोकांना मात्र "या शनिवारी कुठे, कोण, किती वाजता" एवढंच बघायचं असतं, म्हणून तारखेप्रमाणे क्रम लावला. तर सगळ्यात वर आलं 7 मे, मग 6 जुलै, आणि 14, 21, 28 जून त्यांच्या खाली! आपले सामने 7 जून ते 5 जुलै असे पाच शनिवार आहेत. शिवाय सामने 15 आणि ओळी 30. रविवारपर्यंत तक्ता सगळ्यांना पाठवायचा आहे. कोणाला वेळ आहे का?

प्रसाद

संज्योतताई, 30 ओळी असणारच. सिंहगड-शिवनेरी सामना सिंहगडच्या यादीत आहे आणि शिवनेरीच्याही. डुप्लिकेट काढायची आज्ञा देऊन उपयोग नाही, नावं उलटी असल्याने शीटला त्या दोन वेगळ्या ओळी वाटतात. शेजारच्या रकान्यात हे टाका आणि TRUE आलेल्या ओळी ठेवा:

```
=B2<C2
```

नावं अक्षरक्रमाने तुलना होऊन प्रत्येक जोडीतली एकच ओळ राहते. मी तुमच्या शीटच्या प्रतीवर करून पाहिलं, बरोबर 15 आल्या. तारखा हाताने दुरुस्त करून तक्ता सोबत जोडलाय. पाठवून द्या.

वैशाली

आमच्या मुलांच्या बॅडमिंटनला गेल्या वर्षी सात जोड्या होत्या, तेव्हा दर फेरीत एका जोडीला विश्रांती द्यावी लागली आणि त्यावरून पालकांचे फोन सुरू झाले. तक्त्यात विश्रांती कोणाची तेही नक्की लिहा.

महेशकाका

वैशाली, इथे संघ सहा आहेत, सम संख्या. दर शनिवारी तीन सामन्यांत सहाही संघ खेळतात, त्यामुळे विश्रांतीचा प्रश्न येत नाही. सात संघ असते तर तुझं म्हणणं बरोबर होतं.

संज्योत, आधी तारखांचं. कर्णधारांनी इथल्या अमेरिकी पद्धतीने महिना आधी लिहिला, 6/7/2025 म्हणजे 7 जून. तुझी फाइल भारतातल्या मांडणीवर आहे, दिवस आधी. म्हणून 6/7/2025 चे तिने 6 जुलै केले आणि 7/5/2025 चे 7 मे. 6/14/2025 मध्ये चौदावा महिना कुठून आणणार? ते तिने नुसता मजकूर म्हणून ठेवलं. नीट बघ, 14, 21 आणि 28 जूनच्या तारखा खान्यात डावीकडे चिकटलेल्या दिसतील, बाकीच्या उजवीकडे. क्रम लावताना खऱ्या तारखा आधी आणि मजकूर नंतर, म्हणून तुला ते विचित्र दिसलं.

File > Settings मध्ये Locale बदल, पण तेवढ्याने आधीच्या तारखा सुधारत नाहीत. जी 6 जुलै झाली ती 6 जुलैच राहते. सेटिंग बदलून मूळ ईमेलमधून पुन्हा चिकटव. मग एका रिकाम्या रकान्यात वार काढ:

```
=TEXT(A2,"dddd")
```

तीसही ओळींत Saturday यायला हवा. आत्ता हेच सूत्र दिलंस तर Wednesday आणि Sunday दिसतील.

आता प्रसाद, तुझं सूत्र मला आवडलं. पण ते दोन ओळींपैकी एक टाकून देतं, आणि कर्णधारांनी याद्या वेगवेगळ्या बसून लिहिल्या आहेत. दोघांनी वेगळं लिहिलं असेल तर कोणाचं राहतं हे केवळ अक्षरक्रम ठरवतो. म्हणून टाकण्याआधी प्रत्येक ओळीची उलटी ओळ तंतोतंत सापडते का ते पाहा. तारीख A मध्ये, संघ B, प्रतिस्पर्धी C, वेळ D, मैदान E:

```
=COUNTIFS(A:A,A2,B:B,C2,C:C,B2,D:D,D2,E:E,E2)
```

1 आलं तर दोन्ही कर्णधारांचं एकमत. 0 आलं तर थांबायचं.

संज्योत

काका, पुन्हा चिकटवलं, सगळीकडे शनिवार आला. 26 ओळींत 1 आणि चार ओळींत 0.

दोन शून्यं 14 जूनची. रायगडच्या यादीत "प्रताप गड" असं मध्ये जागा सोडून लिहिलंय. जागा काढल्यावर दोन्हींत 1 आला.

उरलेली दोन 5 जुलैची. तोरणा म्हणते राजगडशी सामना 9:00 ला, राजगड म्हणते 11:30 ला. मैदान दोघांकडे शाळेमागचंच. आणि प्रसादच्या सूत्रात तोरणाची ओळ राहिली होती, कारण ‘त’ हा ‘र’च्या आधी येतो.

प्रसाद

म्हणजे मी जोडलेल्या तक्त्यात शाळेमागच्या मैदानावर 5 जुलैला 9:00 ला दोन सामने आहेत. सिंहगड-रायगडही तिथेच, त्याच वेळी. मी फक्त 15 मोजून थांबलो. कृपया तो तक्ता कोणी पुढे पाठवू नका. 11:30 करून टाकतो.

महेशकाका

11:30 असण्याची शक्यता जास्त, पण कदाचित 9:00 ला सिंहगड-रायगडच चुकीचं असेल, दोघांनीही एकाच जुन्या कागदावरून उतरवलेलं. आपण आपल्या मनाने लिहू नये. दोन्ही कर्णधारांना फोन करा आणि तोपर्यंत त्या ओळीत "वेळ निश्चित व्हायची आहे" असं लिहा. तक्ता तसाच पाठवला तरी चालेल, बाकी 14 सामन्यांवर दोन्ही कर्णधारांचं एकमत आहे.

क्रम लावताना तारीख, मग वेळ, मग मैदान. 5 जुलैचं पान असं दिसेल:

| वेळ | मैदान | सामना |
|---|---|---|
| 9:00 | तळ्याकाठचं | प्रतापगड – शिवनेरी |
| 9:00 | शाळेमागचं | सिंहगड – रायगड |
| वेळ निश्चित व्हायची आहे | शाळेमागचं | तोरणा – राजगड |

प्रत्येक तारखेच्या डोक्यावर वार आणि "7 जून" असा महिन्याच्या नावाने उल्लेख करा. 6/7 पुन्हा कोणीही कसंही वाचेल.

वैशाली

तक्ता पाहिला, वाचायला फार सोपा झालाय. पण तारीखवार मांडल्यावर एक दिसलं. तळ्याकाठी झाडांची सावली आहे आणि आमच्या रायगडला तिथे एकच सामना, 7 जूनचा. राजगडलाही एकच. बाकी चौघांना दोन-दोन. सगळ्यांना सारखे का नाही देता येत?

महेशकाका

दर शनिवारी तळ्याकाठी एक सामना, म्हणजे पाच सामने आणि संघांच्या दहा जागा. दहा जागा सहा संघांत सारख्या वाटल्या जात नाहीत. चौघांना दोन आणि दोघांना एक, याहून समान वाटप होत नाही, आणि ते झालेलं आहे. कोणते दोघे मागे राहावेत हे मात्र तक्त्यात ठरत नाही. ते बैठकीत ठरवावं, पुढच्या वर्षी ते दोन संघ बदलावेत, असं मला वाटतं.

प्रसाद

सहमत. आणखी एक, 4 जुलै शुक्रवारी आहे, त्या सुट्टीत बरेच जण बाहेरगावी असतात. शेवटची फेरी 5 लाच ठेवायची का?

संज्योत

प्रसाद, तो प्रश्न बैठकीत घेऊ, मैदानांचं आरक्षण 5 जुलैपर्यंतच आहे. राजगडच्या कर्णधाराशी बोलणं झालं, तो 11:30 वर ठाम आहे. तोरणाच्या कर्णधाराने फोन उचलला नाही, निरोप ठेवलाय. तक्ता आज त्या एका ओळीसह पाठवते.