मदत हवी आहे: आईला हा मेसेज समजेल का?
आई 74 वर्षांची, गावी एकटी. फोन उचलताना बाजूचं बटण दाबलं जातं आणि रिंग बंद होते. तिच्यासाठी हे लिहिलंय:

"आई, स्क्रीनवर वरून खाली बोट ओढ. दोन बाणांचं चित्र रंगीत दिसलं तर नेट चालू आहे. फिकं असेल तर त्यावर एकदा बोट टेकव. मग बाजूचं आवाजाचं बटण दाब, घंटा दिसेल. तिच्यावर काट असेल तर काट जाईपर्यंत घंटेवर बोट टेकव. बॅलन्ससाठी 1299 लाव. फोन आपोआप कटेल, घाबरू नको, मेसेज येईल."

सिम जिओचं आहे. अडचण एकच: 'डू नॉट डिस्टर्ब' चालू असलं तर घंटा ठीक दिसूनही फोन गप्प राहू शकतो. त्याची खूण म्हणजे वर्तुळातली आडवी रेघ, ती तिला कशी ओळखायला सांगू? तुमच्या घरी कोणते शब्द चालले?