जीन्स फ्रीजरमध्ये म्हणे!

मूळ पोस्ट: "जीन्स धुवूच नका. वास आला की रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, जंतू मरतात. सोलापुरात पाणी रोज येतं कुठं?"

सातरस्ता: गारठ्यानं जंतू सगळे मरत नाहीत, बरेचसे नुसते निपचित पडतात. अंगाची ऊब लागली की वास परत, कारण ते ज्यावर जगतात तो घाम आणि तेलकटपणा कापडातच असतो. त्यापेक्षा घरी आल्या आल्या जीन्स उलटी करा, खिशांची अस्तरं बाहेर ओढा आणि कंबरपट्ट्याला चिमटे लावून वाऱ्याला टांगा. लगेच घडी घालून कपाटात कोंबली तर कंबरपट्टा आणि शिवणी दमट राहतात. कुबट वास तिथूनच सुरू होतो.

जुळेसोलापूरकर: वाऱ्याला कशाला? एप्रिलचं ऊन आहे की फुकट! दिवसभर गच्चीवर टाका.

सातरस्ता: टाका आणि महिनाभरानं दोरीवरच्या घडीचा पांढरा पट्टा बघा. नीळ धाग्याच्या वरच्या थरातच असते, उन्हानं उडते.

जुळेसोलापूरकर: मग इथं कुणी कपडे वाळत घालूच नयेत! उन्हानं वास जातो की नाही, तेवढं बोला.

सातरस्ता: कमी होतो, मान्य. मग उलटी करून तासभर ठेवा, नंतर सावलीत. पण मुरलेलं तेल उन्हानं निघत नाही.

होटगीरोड: तुमचं ऊन-सावली चालू द्या. मांडीवर शेंगाचटणीचं तेल सांडलंय, ओल्या फडक्यानं घासलं तर डाग दुप्पट झाला!

बाळीवेस अक्का: घासलंत कशाला बाई? तेल पसरलं. आता वाळू द्या, मग टाल्कम पावडर जाड थापून अर्धा तास ठेवा आणि झटका. आतून पांढरं फडकं धरा, भांड्याच्या लिक्विडचा एकच थेंब बोटानं जिरवा आणि ओल्या फडक्यानं कडेकडून मध्याकडे टिपा. फेस येईनासा होईपर्यंत टिपायचं, नाहीतर उरलेल्या साबणावर धूळ बसते. बोअरचं पाणी नको, वाळल्यावर क्षारांचं वलय उमटतं.

जुळेसोलापूरकर: बोअरचं नको, नळाला येत नाही, मग जीन्स बिसलेरीत बुडवू का?

बाळीवेस अक्का: अर्धी वाटी फिल्टरचं पुरतं. पूर्ण धुताना मात्र बोअरच्या पाण्यात साबणाची वडी घासू नका, तिचा चिकट थर बसून कापड पत्र्यासारखं होतं. पातळ डिटर्जंट घ्या, खळबळायला एक बादली जास्त.

मूळ पोस्टवाला: म्हणजे शेवटी धुवायचीच ना? मग एवढं प्रवचन कशाला?

सातरस्ता: रात्रभर टांगूनही घातल्यावर अर्ध्या तासात वास आला, घामाचे पांढरे पट्टे दिसले किंवा पावसात भिजून कुबटली, तर धुवाच. मांड्यांच्या आत धूळ साचली तरीही. चालताना ती पॉलिश पेपरसारखी धागा खाते.

मूळ पोस्टवाला: बरं महाराज, फ्रीजरमधून काढतो. आईस्क्रीमला जागा होईल.

होटगीरोड: पावडर झटकली, तरी लालसर दिसतंय. पुन्हा थापू?

बाळीवेस अक्का: बोटाला तेल लागतंय तोवर थापा. मिरचीचा रंग मात्र तेलाबरोबर सगळा जाईलच असं नाही.