ईबुकाच्या मेनूत प्रकरणे दिसत नाहीत. फाइल नेमकी कुठे दुरुस्त करावी?

पानगळ: माझी २४ प्रकरणांची कादंबरी मी वर्डमध्ये लिहिली आणि कॅलिबरमधून तिची ईपब तयार केली. सुरुवातीला हाताने टाइप केलेली अनुक्रमणिका दिसते, पण वाचनयंत्राच्या मेनूत एकाही प्रकरणाचे नाव येत नाही. ऑनलाइन दुकानांकडे पाठवण्यापूर्वी काय करावे?

जुनाशाईवाला: पृष्ठक्रमांक जुळत नसतील तर सरळ पीडीएफ द्यावी. माझ्या काव्यसंग्रहासाठी मी तेच केले.

पानगळ: पृष्ठक्रमांकांची अडचण नाही. अक्षर मोठे केले तरी मजकूर नीट वाहावा, म्हणून ईपबच हवी आहे.

ओळखूण: आपण दोन वेगळ्या गोष्टी एक समजत आहात. पुस्तकातील अनुक्रमणिका हे इतर पानांसारखेच एक पान असते. मेनू मात्र ईपबमधील नेव्हिगेशनच्या स्वतंत्र फाइलवरून तयार होतो, आणि ईपब ३ मध्ये तिच्यात अशा नोंदी असाव्या लागतात:

```
<nav epub:type="toc">
  <ol>
    <li><a href="ch01.xhtml">प्रकरण १</a></li>
  </ol>
</nav>
```

प्रकरणांची शीर्षके आपण कशी दिली आहेत?

पानगळ: ठळक, १८ पॉइंट, मध्यभागी. नवे पान सुरू व्हावे म्हणून आधी सात-आठ वेळा एंटर दाबले आहे.

ओळखूण: मग दुखणे वर्डमध्येच आहे. ठळक ओळ आपल्या डोळ्यांना शीर्षक वाटते, पण रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरला तो केवळ एक परिच्छेद असतो. प्रत्येक शीर्षकाला `Heading 1` ही शैली द्यावी, रिकाम्या ओळी काढून त्या शैलीतच `Page break before` निवडावे आणि टाइप केलेली अनुक्रमणिका पुसून टाकावी. नंतर `Navigation Pane` उघडून नावे मोजावीत. तिथे २४ च नावे दिसल्याशिवाय पुढे जाऊ नये. रूपांतरानंतर ईपब सिगिल या संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून `Generate Table Of Contents` चालवले की शीर्षकांवरून मेनू तयार होतो.

काटेकोर: त्यानंतर ईपबचेक हे फाइल तपासणारे सॉफ्टवेअर चालवावे. त्यात एकही चूक आली नाही, तर फाइल निर्धास्तपणे पाठवावी.

ओळखूण: चालवावेच, पण निर्धास्त होऊ नये. दुवा अस्तित्वात नसलेल्या जागी जात असेल तर ईपबचेक तो पकडते. मात्र ‘प्रकरण ११’ या नावाचा दुवा बाराव्या प्रकरणावर उघडत असेल, तर दोन्ही फाइली जागेवर असल्याने ते काहीच बोलत नाही. मेनू हाताने दुरुस्त करताना माझ्याकडून नेमके असेच घडले होते. तेव्हापासून मी फोनवर प्रत्येक नाव दाबून पाहते.

पानगळ: सांगितल्याप्रमाणे केले, तर नावे २५ भरली! नवव्या प्रकरणाआधीच्या एका रिकाम्या ओळीलाही `Heading 1` लागले होते. ती काढल्यावर मेनू नीट झाला. आता पुस्तकात अनुक्रमणिकेचे पान पुन्हा घालावे का?

काटेकोर: घालावे, दुव्यांसह. वाचकाला ते अपेक्षित असते.

ओळखूण: प्रकरणांना केवळ क्रमांक असतील तर मी घालत नाही. नमुन्यादाखल वाचायला मिळणाऱ्या मोजक्या पानांतले एक पान त्यात खर्ची पडते.