'आम्ही' की 'आपण'? निवृत्तीच्या भाषणातला एक पेच

निळी शाई: एका ज्येष्ठ अनुवादकांचं निवृत्तीचं इंग्रजी भाषण मराठीत करते आहे. त्यात एक आठवण आहे. लेखिकेनं एका परिच्छेदात एकच साधं क्रियापद चार वेळा वापरलं होतं, अनुवादात त्याचे चार देखणे पर्याय आले. लेखिकेला ती भाषा येत नव्हती. तिनं परिच्छेद मोठ्यानं वाचून घेतला आणि विचारलं, "माझा शब्द परत परत ऐकू का येत नाही?" यावर ते म्हणतात, 'वी'नं लेखिकेला सुधारायला घेतलं होतं, 'वी'नं आधी ऐकायला हवं. दोन्हीकडे 'आम्ही' लिहू की 'आपण'?

दुपारवारा: 'आपण'च. भाषणात तेच शोभतं. 'आम्ही'त जरा राजेशाही थाट येतो, नम्रतेच्या भाषणात तो नको.

जुना कोश: थाट येतो तो एकटा माणूस स्वतःला 'आम्ही' म्हणतो तेव्हा. एरवी फरक आदराचा नाहीच, समोरचा त्यात धरला आहे की नाही याचा आहे. हिंदीच्या 'हम'ला ही अडचण नाही, गुजरातीला आहे. सुधारायला घेतलं तेव्हा श्रोते तिथं नव्हते, म्हणून 'आम्ही'. ऐकायला हवं ते सगळ्यांनी, म्हणून 'आपण'. पण सावध! 'आपण ऐकतो' आणि 'आपण ऐकता' यांत क्रियापद घोळ निस्तरतं. 'आपण आधी ऐकायला हवं' यात ते मदतीला येत नाही. सभागृहात पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांना वाटेल, हा उपदेश आपल्यालाच. (आत्ता लिहिलं ते 'आपल्यालाच' आणखी तिसऱ्या जातीचं, ते सोडा.) 'आपण अनुवादकांनी आधी ऐकायला हवं' असं करा.

पाटीपेन्सिल: वडिलांच्या समारंभाची पत्रिका करतोय. 'निवृत्ती' लिहू की 'सेवापूर्ती'? घरचे म्हणतात, निवृत्ती ऐकायला संन्यास घेतल्यासारखं वाटतं.

दुपारवारा: सेवापूर्ती. पण धागा वेगळा आहे हो.

निळी शाई: 'आपण अनुवादकांनी' पटलं, पण मूळात 'अनुवादक' शब्द नाही. तो मी घालायचा? म्हणजे मीही लेखकाला सुधारतेच आहे की! शिवाय श्रोत्यांत संपादक आणि घरची मंडळीही आहेत.

जुना कोश: खरंय, त्यानं वर्तुळ लहान होतं. मग 'आपण सगळ्यांनी' चालेल. पाहुण्यांवरचा रोख जातो आणि कुणी बाहेरही राहत नाही. मला खरी शंका पहिल्या 'वी'ची आहे. ते चार पर्याय एकट्या त्यांचे, की संपादकांनी सुचवलेले? एकट्याचे असतील तर 'आम्ही' लिहून तुम्ही चुकीची वाटणी दुसऱ्यांना करून देताय. 'मी' लिहिलंत, तर त्यांनी न दिलेली कबुली त्यांच्या तोंडी घालताय.

दुपारवारा: 'सुधारायला घेतलं गेलं' केलं तर? कोणी ते सांगायलाच नको.

जुना कोश: वाक्य सरकारी होतं, आणि बोलणारा माणूसच त्यातून निघून जातो. त्यांना विचारा ना.

निळी शाई: काल विचारलं. उत्तर आलं, "तेव्हा आम्ही दोघं होतो, पण हट्ट माझा होता." आता काय लिहू?