किमान आयुष्य की पहिला बिघाड?

तालीमकर: उद्यमनगरातल्या एका कारखान्याची देखभाल-पुस्तिका मराठीत करतोय. तीन सारखे कंट्रोलर, प्रत्येक सरासरी 600 तास चालतो, एकाच्या बिघाडाचा दुसऱ्याशी संबंध नाही. मी लिहिलं, 'तिघांचं किमान आयुष्य सरासरी 200 तास'. फोरमन म्हणाला, म्हणजे 200 तास निवांत! 'किमान' चुकलं का?

शुद्धमती: चुकलंच. किमान म्हणजे निदान एवढं तरी. 'लघुतम' लिहा. आणि किमानच्या जोडीनं येणारा तो अरबी 'कमाल' तर नकोच.

रिवाइंडिंगवाला: ताई, लघुतम म्हटलं की लसावि आठवतो. कमाल तापमान रोज ऐकतोय, कुणाचं काय बिघडलं?

विदागणक: शब्द कुठलाही घ्या, आधी फोरमनचा समज मोडा. t तासांपर्यंत एकही बंद पडू नये तर तिन्ही टिकायला हवेत, म्हणून तीन शक्यतांचा गुणाकार. वितरण घातांकी धरलं तर e^(-t/600) चा घन, म्हणजे e^(-t/200). पहिल्या बिघाडाची वेळही घातांकीच, फक्त सरासरी 200. पण तिन्ही 200 तास गाठण्याची शक्यता जेमतेम 37 टक्के. नव्वद टक्के खात्री हवी असेल तर फोरमननं 21 तासच निवांत राहावं.

रंकाळाकाठ: सोपं आहे की. किमान सरासरीच्या 400 खाली, तर कमाल 400 वर. शेवटचा हजार तासांना जाणार.

विदागणक: हा हिशेब एकसमान वितरणात बसतो. आयुष्य 0 ते 1200 तासांत सारखं पसरलेलं असतं, तर पहिला सरासरी 300 ला आणि शेवटचा 900 ला गेला असता. घातांकीत तसं नाही. पहिला 200 ला गेला की उरलेले दोन नव्यासारखेच, त्यांतला एक आणखी 300 तासांनी, आणि राहिलेला त्यानंतर 600 नं. झाले 1100.

रिवाइंडिंगवाला: नव्यासारखेच? भावा, माझ्याकडं येणाऱ्या मोटरींची बेअरिंगं बघ एकदा. हजार तास फिरलेलं बेअरिंग हातात घेतलं की कळतं, खुळखुळा झालेला असतोय.

विदागणक: बेअरिंग झिजतं, त्याला हे लागूच नाही. कंट्रोलरची नोंदवही काढा. 500 तास चाललेले आणि नवेकोरे, पुढच्या शंभर तासांत सारख्याच प्रमाणात बंद पडतात का बघा. जुने जास्त पडत असतील तर 200 आणि 1100 दोन्ही पुस्तिकेतून काढा.

शुद्धमती: 'किं' अधिक 'मान' असं किमान झालं असणार, म्हणजे तो तरी आपलाच.

रंकाळाकाठ: कोशात दाखवा, मग मानतो.

तालीमकर: मी 'पहिल्या बिघाडापर्यंतचा सरासरी काळ' लिहितोय. पण एकाच व्होल्टेजच्या झटक्यानं तिन्ही एकदम गेले, तर पहिला कुठला म्हणायचा?

विदागणक: मग 'संबंध नाही' हे वाक्यच खोटं, आणि गुणाकारही गेला. वीज एकाच लाइनवरून येते का, ते विचारा आधी.

रिवाइंडिंगवाला: आमच्याकडं तर येतीया.